बिनप्रश्नाचं ऑफर लेटर: सही करण्याआधी कोणत्या ओळी कशा वाचायच्या

मे महिन्यात एका रात्री साडेदहाला भाचीने व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. सोबत एक शब्द नाही. लोटे-परशुराम एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्याचं चार पानी ऑफर लेटर होतं. फोन केला तर म्हणाली, "मामा, नेमकं विचारायचं काय तेच कळेना, म्हणून नुसतंच पाठवलं."

तिचं चुकलं नव्हतं. एम.एस्सी. करताना रसायनशास्त्र शिकवतात, पण नोकरीचा करार कसा वाचायचा ते कोणी शिकवत नाही. मी तेविसाव्या वर्षी असंच एक पत्र न वाचता सही केलं होतं आणि त्याची किंमत पुढे मोजली. म्हणून तिच्यासोबत त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी जे केलं, ते त्याच क्रमाने इथे लिहितो. महाड, लोटे, रत्नागिरी किंवा कुडाळच्या कारखान्यात पहिली-दुसरी नोकरी धरणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा.

तिची परिस्थिती अशी: महाडला एका कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये दोन वर्षं झालेली, हातात महिना २७,४०० रुपये. घर गुहागर तालुक्यात. लोट्याला नोकरी लागली तर चिपळूणला खोली घेऊन दर रविवारी घरी जाता येईल, हे तिचं मुख्य आकर्षण. पत्रात वार्षिक आकडा होता ५,४०,००० रुपये.

बसण्याआधी जवळ काय हवं

- ऑफर लेटरची सगळी पानं. पगाराचा तक्ता बहुतेक वेळा शेवटच्या पुरवणी पानावर असतो. तो नसेल तर मागून घ्या.
- सध्याच्या नोकरीच्या तीन पगारपत्रिका आणि तिथलं नियुक्तिपत्र.
- पत्रात ‘कंपनीच्या नियमांप्रमाणे’ असं जिथे जिथे लिहिलंय, त्या नियमांची प्रत. ती बहुधा मिळालेली नसते, पण मागायची आहे हे लक्षात ठेवा.
- पेन्सिल आणि छापील प्रत. फोनच्या पडद्यावर करार वाचू नका, दोन पानांवरच्या दोन अटी एकमेकींशी जोडता येत नाहीत.

१. शेवटच्या पानापासून सुरुवात करा: हातात किती येणार?

सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणारा एकूण खर्च, तुमचा पगार नव्हे. भाचीने ५,४०,००० ला बाराने भागलं आणि ४५,००० आकडा घरी सांगूनही टाकला होता. तक्ता असा होता:

- बेसिक: २२,५००
- घरभाडे भत्ता: ९,०००
- वाहन भत्ता: ३,०००
- पीएफमध्ये कंपनीचा हिस्सा: १,८००
- ग्रॅच्युइटी: १,०८२
- गटविमा: ६१८
- व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला भाग: ७,०००

यातल्या पहिल्या तीन ओळींचेच पैसे दर महिन्याला तुमच्या नावावर येतात. त्यांची बेरीज ३४,५००, हा तुमचा ग्रॉस. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० जातो. इतक्या उत्पन्नावर नव्या कररचनेत आयकर लागत नाही. हातात राहिले ३२,५००. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो, म्हणून त्या महिन्यात शंभर कमी.

४५,००० आणि ३२,५०० यांतल्या साडेबारा हजारांतला प्रत्येक भाग कुठे गेला हे समजून घ्या. पीएफचा कंपनीचा हिस्सा तुमचाच आहे, पण तो आज खर्चायला नाही, आणि त्या १,८०० पैकी १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात. बेसिक २२,५०० असून पीएफ १,८०० च का? कारण कंपनीने कायद्यातल्या १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के धरले आहेत. असं करणं चालतं. पूर्ण बेसिकवर हवा असेल तर विचारता येतं, मात्र तेव्हा हातातली रक्कम कमी होईल.

ग्रॅच्युइटीची ओळ नीट बघा. हे पैसे सलग पाच वर्षं नोकरी झाल्यावरच मिळतात. (ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे एका वर्षानंतरही हक्क येतो. भाचीची नोकरी तशी नव्हती.) तीन वर्षांनी सोडली तर पत्रात दाखवलेले जवळपास ३९,००० रुपये तिला कधीच दिसणार नाहीत.

तुलना नेहमी हातातल्या रकमेची हातातल्या रकमेशी करा. महाडचे २७,४०० आणि इथले ३२,५००, म्हणजे फरक ५,१०० चा. पुढे विचारल्यावर कळलं की कंपनीची बस आणि कँटीन यांचे मिळून १,१०० कापतात, पत्रात तिथे फक्त ‘नियमाप्रमाणे’ होतं. फरक उरला ४,००० चा. घराजवळ येण्यासाठी तो तिला पुरेसा वाटला, पण निर्णय ४,००० वर झाला, १७,६०० च्या समजुतीवर नाही.

२. व्हेरिएबल कोणाला, कधी?

महिना ७,००० म्हणजे वर्षाचे ८४,०००. पत्राच्या दुसऱ्या पानावर, वेगळ्याच परिच्छेदात, दोन वाक्यं होती. एक: हा भाग फक्त कायम झालेल्या कर्मचाऱ्यांना लागू. दुसरं: वाटपाच्या दिवशी जो नोकरीत आहे आणि ज्याने राजीनामा दिलेला नाही, त्यालाच मिळेल.

पहिल्या वाक्याने प्रोबेशनच्या सहा महिन्यांचे ४२,००० गेले. दुसऱ्याचा अर्थ असा की वर्षभर काम करून मार्चमध्ये राजीनामा दिला आणि वाटप जूनमध्ये असलं, तर पूर्ण वर्षाचं व्हेरिएबल बुडालं. विचारायचं ते इतकंच: वाटप कोणत्या महिन्यात होतं, आणि गेल्या वर्षी या पदावरच्या लोकांना किती टक्के मिळालं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी मिळत नाही, पण तोंडी सांगतानाचा सूर बरंच सांगून जातो.

३. प्रोबेशन: संपतं कधी आणि कोणाच्या शब्दाने?

सहा महिने हा आकडा सगळे बघतात. त्यापुढचं वाक्य कोणी वाचत नाही. तिच्या पत्रात होतं: ‘लेखी कायम केल्याखेरीज प्रोबेशन वाढलं असं समजलं जाईल.’ म्हणजे सहा महिने झाले आणि कोणी काहीच कळवलं नाही, तर तुम्ही कायम झालेला नाहीत. अशी भाषा पत्रात असेल तर नुसते दिवस भरल्याने कोणी आपोआप कायम होत नाही. आणि प्रोबेशन लांबलं की व्हेरिएबल लांबलं, पगारवाढ लांबली, रजा लांबली.

म्हणून दोन गोष्टी मागा. प्रोबेशनची मुदतवाढ जास्तीत जास्त एकदाच आणि तीन महिन्यांपुरती. आणि ती करायची असेल तर कारणासह लेखी कळवणं. शिवाय सहावा महिना संपायच्या पंधरा दिवस आधी स्वतःच मेल करायचं फोनमध्ये टाकून ठेवा. माझ्या पहिल्या कारखान्यात माझं कायमचं पत्र अकराव्या महिन्यात आलं, कारण मी विचारलंच नव्हतं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. प्रोबेशनवर पीएफ नसतो असं काही ठिकाणी सांगतात. ते खोटं आहे. पीएफ लागू असलेल्या आस्थापनेत तो पहिल्या दिवसापासून कापला आणि भरला गेला पाहिजे.

आता रजा. ‘प्रोबेशनमध्ये अर्जित रजा वापरता येणार नाही’ ही ओळ पुण्या-मुंबईच्या माणसाला किरकोळ वाटेल. आपल्याकडे जूनमध्ये रुजू झालेल्या माणसाला त्या ओळीचा अर्थ असा लागतो की यंदा गणपतीला घरी नाही. पाळीचं काम असेल तर चतुर्थीच्या दिवशीही ड्युटी लागते. रुजू होण्याआधीच विचारलं तर बहुतेक ठिकाणी तीन दिवस बिनपगारी किंवा बदली रजा देतात, कारण निम्मा कारखाना त्याच अडचणीत असतो. रुजू झाल्यावर ऐनवेळी मागितलं तर तुमचं नाव यादीत शेवटी.

४. नोटीस: दोन्ही बाजूंना सारखी आहे का?

तिच्या पत्रात प्रोबेशनमध्ये कंपनीने सोडायचं तर १५ दिवस, तिने सोडायचं तर ६० दिवस होते. कायम झाल्यावर दोन्हीकडून ९० दिवस. असमान नोटीस दिसली की पेन्सिलने गोल करा, प्रोबेशनपुरती ती समान करून मागणं वाजवी आहे.

९० दिवस हा खरा काटा आहे, कारण नवी कंपनी बहुधा ३० ते ४५ दिवसांत या म्हणते. मग उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटायचं. इथे दोन शब्द शोधा. पहिला: पैसे भरून सुटका हा तुमचा हक्क आहे, की ‘व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार’? मर्जी लिहिलेली असेल तर पैसे हातात असूनही रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मुक्त केल्याचं पत्र, अडकू शकतं. दुसरा: हिशेब बेसिकवर की ग्रॉसवर? ६० दिवस कमी पडले तर बेसिकने ४५,००० आणि ग्रॉसने ६९,०००. एका शब्दाचे चोवीस हजार.

हिशेबाच्या मुदतीवरही नजर टाका. पत्रात ‘अंतिम हिशेब ४५ दिवसांत’ असं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतरचं देय वेतन दोन कामाच्या दिवसांत देण्याची तरतूद आहे. सही करताना यावर वाद घालायची गरज नाही, पण सोडायची वेळ आली की ही तरतूद माहीत असावी.

५. बॉण्ड: रक्कम, मुदत आणि तारण

तिसऱ्या पानावर होतं: दोन वर्षांच्या आत सोडल्यास प्रशिक्षणखर्चापोटी २,००,००० रुपये. सोबत सही केलेले दोन कोरे चेक आणि मूळ गुणपत्रिका जमा करायच्या.

‘बॉण्डला कोर्टात काही किंमत नसते’ असं नाक्यावर ऐकायला मिळतं. त्यावर विसंबू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉण्ड वैध ठरवला. तिथे सरकारी बँकेचा भरतीचा खर्च आणि अचानक जागा रिकामी होण्याचं नुकसान हे मुद्दे न्यायालयाने मानले, आणि अधिकाऱ्याने भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. दुसरी बाजूही खरी आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. तुम्हाला कोणतंच वेगळं प्रशिक्षण दिलं नसेल तर दोन लाखांचा खर्च कुठे झाला, हा प्रश्न खासगी कंपनीला विचारता येतो. पण तो कोर्टात विचारायचा म्हणजे वकील, तारखा आणि दरम्यान अडकलेलं रिलीव्हिंग लेटर. त्यापेक्षा आधीच आकडा बदलून घेतलेला बरा.

आम्ही एक उदाहरण कागदावर मांडलं. समजा चौदा महिने पूर्ण करून सोडायचं आणि नव्या ठिकाणी ३० दिवसांत जायचं आहे. मूळ पत्राप्रमाणे नोटिशीचे ६९,००० आणि बॉण्डचे २,००,०००, मिळून २,६९,०००. हातातल्या आठ महिन्यांच्या पगाराहून जास्त. आता बॉण्ड दर महिन्याला घटणारा केला, म्हणजे दोन लाख भागिले चोवीस, तर दहा महिन्यांचे ८३,३३३ उरतात. नोटीस बेसिकवर धरली तर ४५,०००. एकूण १,२८,३३३. नोकरी तीच, पगार तोच, दोन वाक्यांच्या बदलाने बाहेर पडायचा खर्च निम्म्याहून खाली आला. तुमच्या पत्रावर हे गणित नक्की करून बघा. अटी सुट्या वाचल्या तर हे दिसत नाही.

तारणाबद्दल मात्र मी तडजोड सुचवत नाही. सही केलेला कोरा चेक ज्याच्या हातात असतो तो त्यावर आकडा भरू शकतो, आणि तो वटला नाही तर फौजदारी खटल्याची टांगती तलवार तुमच्यावर. कोरा चेक देऊ नका. मूळ गुणपत्रिकाही देऊ नका. पडताळणीसाठी दाखवा, साक्षांकित प्रती द्या, मूळ कागद त्याच दिवशी परत घ्या. माझ्या मूळ गुणपत्रिका माझ्या पहिल्या मालकांकडे होत्या. सोडल्यावर सात महिन्यांनी मिळाल्या, आणि त्या काळात एका सरकारी पदाची कागदपत्र पडताळणी माझ्या हातून गेली. ती नोकरी पुन्हा आली नाही.

६. बंधनं: नोकरीत असताना आणि नंतर

दोन काळ वेगळे करा. नोकरी सोडल्यावर ‘दोन वर्षं कोणत्याही स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ ही अट घाबरवते सगळ्यात जास्त आणि टिकते सगळ्यात कमी. करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे कोणाला उपजीविकेपासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये कृष्ण मुरगई यांच्या प्रकरणात नोकरीनंतरची अशी बंदी मान्य केली नाही.

पण करार चालू असतानाची बंदी वेगळी. १९६७ चा गोलिकरी खटला आपल्या शेजारच्या कल्याणचाच. पाच वर्षांच्या करारावर असलेला शिफ्ट सुपरवायझर मध्येच सोडून प्रतिस्पर्धी कंपनीत गेला, आणि न्यायालयाने उरलेल्या मुदतीपुरती मनाई कायम ठेवली. म्हणून पत्रात ठरावीक वर्षांचा करार आहे का ते बघा. गोपनीयतेची अट तर सोडल्यावरही लागू राहते. बॅचचे रेकॉर्ड, प्रक्रियेचे कागद, चाचणीपद्धती स्वतःच्या मेलवर पाठवू नका, अगदी अभ्यासासाठीही नाही.

‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे अन्य कोणताही व्यवसाय करणार नाही.’ ही ओळ वाचून भाची पुढे गेली होती. मी थांबवलं. तिच्या घरची हापूसची कलमं आहेत, आणि एप्रिल-मेमध्ये पेट्यांची मागणी तिच्या नंबरवर येते, पैसेही तिच्याच खात्यात. कोकणातल्या कितीतरी घरांत बाग, होमस्टे किंवा बोट मुलांच्या नावावर असते. ‘कौटुंबिक शेती व तिच्या उत्पन्नाची विक्री याला अपवाद’ एवढं लेखी घ्या. कंपन्या याला सहसा नाही म्हणत नाहीत.

बदलीची अट एका वाक्यात: दहेज किंवा अंकलेश्वरला युनिट असेल तर ‘भारतात कुठेही’ याचा अर्थ तिथे, त्यामुळे घराजवळ येण्यासाठीच नोकरी घेत असाल तर पहिली दोन वर्षं बदली नाही असं मागून बघा.

७. मेल कसा करायचा

फोनवर बोला, पण ठरलेलं मेलवर आणा. तोंडी ‘ते आम्ही बघतो’ याला सोडताना काही अर्थ उरत नाही. ऑफिसची भाषा इंग्रजी असेल तर इंग्रजीत लिहा, मजकूर एवढाच पुरे:

"ऑफरबद्दल आभार. रुजू होण्याची इच्छा आहे. स्वीकारण्याआधी पुढील मुद्द्यांवर लेखी खुलासा मिळावा: (१) प्रोबेशनमध्ये दोन्ही बाजूंची नोटीस समान करता येईल का? (२) नोटीसवेतन बेसिकवर धरून भरण्याचा पर्याय मिळेल का? (३) बॉण्डची रक्कम दरमहा समान घटेल का? (४) कोरे चेक व मूळ गुणपत्रिका यांऐवजी साक्षांकित प्रती चालतील का? (५) कौटुंबिक शेतीला अपवाद नोंदवावा. (६) गणेशोत्सवात तीन दिवस रजा मिळावी."

यात पगारवाढ मागितलेली नाही, हे मुद्दाम. मागण्या फार झाल्या की महत्त्वाच्या त्यात हरवतात. तिला उत्तर चौथ्या दिवशी आलं. बॉण्ड घटता केला, चेक आणि मूळ कागद वगळले, शेतीचा अपवाद व रजा मान्य. प्रोबेशनमधली नोटीस दोघांना ३० दिवस. ९० दिवस आणि ग्रॉसवरचा हिशेब मात्र तसाच राहिला. तिने विचार करून ते स्वीकारलं.

बदल मान्य झाले की सुधारित पत्र मागा. जुन्या पत्रावर सही करून ‘मेलमध्ये ठरलंय’ म्हणू नका, कारण पत्रांच्या तळाशी अनेकदा ‘याआधीचा सर्व पत्रव्यवहार रद्द’ असं असतं.

८. जुना राजीनामा कधी

तिच्या पत्रात ऑफर ‘वैद्यकीय तपासणी व पूर्वीच्या नोकरीची चौकशी समाधानकारक झाल्यास’ होती. ही अट उभी असताना राजीनामा दिला आणि इकडे नकार आला, तर दोन्ही हातातून जातात. तपासणी आधी उरकून घ्या, ऑफर पक्की झाल्याचा मेल मिळवा, मग राजीनामा द्या. रुजू होण्याची तारीख जुन्या नोटिशीचे दिवस मोजून आणि वर आठ दिवस धरून सांगा.

९. पहिला पगार झाला की

पगारपत्रिका पुरवणी पानाशेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवा. बेसिकचा आकडा बदललेला असेल तर त्याच आठवड्यात विचारा. पीएफसाठी जुनाच यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ क्रमांक, दिला आहे ना ते पाहा, आणि दुसऱ्या महिन्यात पासबुकमध्ये दोन्ही हिस्से जमा झालेत का ते तपासा. भाचीच्या पहिल्या पगारात बसचे पैसे दोनदा कापले गेले होते. तिने पत्रिकेवर खूण करून पाठवली, पुढच्या महिन्यात परत आले.